साहेब, मुलीला बोलू द्या

शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत सर्वांत कमी बोलतो तो उमेदवार. हे मी ध्वनिमुद्रणं ऐकून सांगतोय. एका संस्थेने डहाणू आणि तलासरी अशा दोन ठिकाणी बारावी झालेल्या मुलामुलींच्या मुलाखती घेतल्या आणि "तुम्ही निवृत्त आहात, ऐकून जरा गुण-शेरे एकसारखे करून द्या" म्हणून मुद्रणं माझ्या गळ्यात घातली. वीस मिनिटांच्या मुलाखतीत सात मिनिटं मूल, बाकी पॅनेल. त्यातही "चहा इकडे ठेव रे" आहेच. एका मुद्रणात सगळे एकदम गप्प होतात, मग कोणीतरी विचारतं, "हललं का?" 2018च्या नोव्हेंबरपासून या पट्ट्यात भूकंपाचे धक्के बसतात, त्यामुळे उमेदवार सोडून कोणीच फार घाबरत नाही.

पॅनेलचे मूळ शेरे तर वाचण्यासारखे होते: 'चुणचुणीत', 'बरी', 'घरचे संस्कार चांगले', 'डोळ्यांत चमक'. आता 'बरी' आणि 'डोळ्यांत चमक' यांच्यात किती गुणांचं अंतर धरायचं? एका सदस्यांची चिकूची वाडी होती. त्यांनी एकाच मुलाला चिकू कसा उतरवतात ते विचारलं, त्याने काठीच्या जाळीपासून सगळं सांगितलं आणि दहापैकी दहा घेतले. इतरांना हा प्रश्नच नव्हता. तो मी बाद केला. ते साहेब अजून माझ्याशी बोलत नाहीत.

मग पद्धत ठरवली. सर्वांना विचारायचे ठरलेले पाच प्रश्न घेतले आणि एकेका मुलाची मुलाखत सलग न ऐकता पहिल्या प्रश्नाची सगळ्यांची उत्तरं ओळीने ऐकली, मग दुसऱ्याची. कंटाळवाणं काम. पण सलग ऐकलं की पहिल्या उत्तरावर खूश झालेला माणूस पुढच्या चारांनाही गुण वाटत सुटतो. एडवर्ड थॉर्नडाइकने 1920मध्ये हेच दाखवलं होतं: लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसाच्या बुद्धीला, शरीरयष्टीला आणि चारित्र्याला दिलेले गुण एकमेकांशी वाजवीपेक्षा जास्त जुळत होते.

'अडचण आली तेव्हा काय केलंस?' या प्रश्नाच्या पायऱ्या अशा ठेवल्या. नुसती विशेषणं, प्रसंग नाही: 1. प्रसंग आहे, पण मार्ग दुसऱ्याने काढला: 2. स्वतः काही केलं: 3. केलं आणि पुढे काय झालं तेही सांगितलं: 4. आधी काय फसलं हेही सांगितलं: 5.

डहाणूच्या एका मुलाने दोन मिनिटं जिद्द, चिकाटी आणि देशसेवा यांवर भाषण केलं. पॅनेलचे नऊ गुण, शेरा 'नेतृत्व'. प्रसंग शोधून सापडला नाही. तलासरीच्या एका मुलीला पाच गुण, शेरा 'आत्मविश्वास कमी'. मुद्रणावर प्रश्नानंतर मोठी शांतता आहे, आणि एक सदस्य "नसेल सांगायचं तर राहू दे" म्हणतात. त्यावरही ती बोलली. दिवाळीनंतर आईवडील वीटभट्टीवर गेले. धाकट्या भावाची शाळा सुटू नये म्हणून तिने त्याला आत्याकडे ठेवला, तो चौथ्या दिवशी पळून आला. मग ती गुरुजींना भेटली, त्याला आश्रमशाळेच्या वसतिगृहात घातलं, आणि तो वर्षभर टिकला. हे पाच. मुलाला एक. तिच्या शेऱ्यात मी विशेषण लिहिलं नाही, तिने केलेलं लिहिलं आणि शेजारी मिनिट-सेकंद टाकले. ज्याला पटत नाही त्याने तेवढंच ऐकावं. आवाज हळू होता याचे गुण कापले नाहीत, कारण मोठ्याने बोलण्याला शिष्यवृत्ती नव्हती.

उरला दोन पॅनेलांच्या गुणांतल्या फरकाचा प्रश्न. पंचवीसपैकी डहाणूची सरासरी 17, तलासरीची 13. एक विश्वस्त म्हणाले, "तलासरीच्या सगळ्यांना चार-चार वाढवा, न्याय झाला." पण फरक पॅनेलच्या हाताचा की मुलांचा, हे सरासरीवरून कळत नाही. दोन्ही पॅनेलांना तीच सहा मुद्रणं ऐकवली आणि त्याच पायऱ्यांवर गुण मागितले. तलासरीचं पॅनेल सरासरी दोन गुण कमी देत होतं. म्हणून दोनच वाढवले. सहा मुद्रणांवरून काढलेला आकडा तसा कच्चाच, त्यामुळे जे कटऑफवर एका गुणाने आत-बाहेर होत होते त्यांची मुद्रणं तिसऱ्या माणसाकडून ऐकवून घेतली. जिथे प्रश्न विचारायचाच राहिला होता तिथे शून्य टाकलं नाही. मुलाला फोन करून तेवढा प्रश्न विचारला आणि तोही मुद्रित केला.

ती मुलगी यादीत तिसरी आली. नेतृत्ववाले चिरंजीव कटऑफबाहेर गेले आणि त्यांच्या वडिलांनी मुद्रण मागितलं. दिलं. पूर्ण ऐकून ते म्हणाले, "यात आमच्या पोराला बोलूच कुठे दिलंय?"

बरोबर आहे त्यांचं. पुढच्या वर्षीच्या सदस्यांना म्हणूनच विनंती: प्रश्न कागदावरून वाचा, चहा बाहेर घ्या, आणि मूल गप्प झालं तर मनात दहापर्यंत मोजून मगच तोंड उघडा.