‘जरा बघशील’ म्हणजे काम सांगणं नव्हे

घरून काम करणाऱ्या टीममध्ये भांडण झालं की पहिला आरोप टोनवर येतो. ‘त्याचा टोन बघा’, ‘तिला बोलायची पद्धतच नाही’. मग एचआर तासाभराचं प्रशिक्षण लावतं: प्लीज लिहा, हसरा चेहरा टाका, एका शब्दात उत्तर देऊ नका. माझ्या मते हा चुकीच्या माणसाला धरण्याचा प्रकार आहे. बहुतेक भांडणांचं मूळ अर्धवट सांगितलेल्या कामात असतं. काम नीट कळलं नाही की वाचणारा शब्दांमागचा राग शोधू लागतो, आणि शोधला की तो सापडतोच.

नागपुरात हे आता घरोघरचं झालं आहे. 2020 च्या टाळेबंदीत पुण्याहून, बेंगळुरूहून लॅपटॉप घेऊन परतलेल्यांपैकी बरेच जण इथेच राहिले. मुलगी मनीषनगरच्या घरात, तिचा लीड पुण्यात, क्लायंट न्यू जर्सीत, अशी ही टीम. महिनोन्‌महिने एकमेकांचं तोंड न बघता सगळा कारभार चॅटवर चालतो.

नमुन्यादाखल जुलैतला एक शुक्रवार घेऊ. संध्याकाळी सव्वासहाला लीड ग्रुपवर लिहितो, ‘पेमेंटचा तो इश्यू जरा बघशील. ईओडी.’ मुलगी अंगठा दाखवते आणि लॉग उघडते. अर्ध्या तासात कारण सापडतं. बँकेकडून उत्तर यायला उशीर झाला की यंत्रणा वाट बघणं सोडून देते. ग्राहकाचे पैसे कापले जातात, पण पावती येत नाही. दुरुस्ती नाजूक आहे, घाई केली तर पैसे दोनदा कापले जातील, हेही तिच्या लक्षात येतं. ती लिहिते, ‘सर, कारण सापडलं, टाइमआउट आहे. सोमवारी बोलू.’ आणि सातला लॅपटॉप मिटते.

तिकडे लीडने क्लायंटला ‘आज दुरुस्त करून देतो’ असा शब्द दिलेला. त्याच्या डोक्यातला ईओडी न्यू जर्सीचा, म्हणजे तिथले संध्याकाळचे पाच. जुलैमध्ये तेव्हा नागपुरात शनिवारच्या पहाटेचे अडीच वाजलेले असतात. नऊला तो लिहितो, ‘??’. पावणेदहाला, ‘झालं का?’. अकराला, ‘ओके. मी बघतो.’ पोरगी दिवसभर राबली आहे, आता तिला कशाला उठवायचं, या विचाराने तो स्वतः बसतो आणि उत्तर आलं नाही तर मागणी पुन्हा पाठवायची, अशी दुरुस्ती चढवतो. काही ग्राहकांचे पैसे दोनदा कापले जातात. सोमवारी ती नेमकं हेच सांगणार होती.

शनिवारी सकाळी ती ग्रुप उघडते. ‘ओके. मी बघतो.’ हे तीन शब्द तिच्या डोळ्यांत खुपतात. तिला त्यात ऐकू येतं, ‘तुझ्याच्याने होणार नाही’, आणि तेही सगळ्यांसमोर. ती मॅनेजरला टॅग करून भलामोठा मजकूर टाकते. सोमवारी टीममध्ये दोन तट. टोनबद्दल बैठक होते. सव्वासहाच्या निरोपाबद्दल कुणी अक्षर काढत नाही.

वाद मात्र त्या सव्वासहाच्या ओळीतच होता. ‘बघ’ म्हणजे कारण शोध, दुरुस्त कर, की हे प्रकरण आजपासून तुझं? ‘ईओडी’ म्हणजे तिचे सात, की न्यू जर्सीचे पाच? (नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जातात, तेव्हा त्याच पाचांचे आपल्याकडे पहाटेचे साडेतीन होतात. वर्षातून दोनदा बदलणारी वेळ ज्याच्या त्याच्या अंदाजावर सोडली जाते.) आणि तो अंगठा? लीडने तो ‘घेतलं’ असा वाचला. तिचा होता ‘वाचलं’ एवढाच.

लिहिणाऱ्याला ही फट दिसत नाही, कारण लिहिताना तो स्वतःचा आवाज ऐकत असतो. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हे मोजलं आहे. काही वाक्यं खरीखुरी, काही उपरोधाची. ती ईमेलने पाठवणाऱ्यांचा अंदाज होता की शंभरातली साधारण 78 समोरच्याला बरोबर कळतील. प्रत्यक्षात 56 च्या आसपास कळली. नाणं उडवून ठरवलं असतं तरी 50 जमली असती. हीच वाक्यं बोलून सांगितली तेव्हा जवळजवळ तीन चतुर्थांश कळली. म्हणून ‘मला तसं म्हणायचं नव्हतं’ हे चॅटच्या भांडणातलं वाक्य बहुधा खरं असतं आणि तरी त्याचा काही उपयोग नसतो.

नागपूरकराला हे जास्त बाधतं. इथे पानठेल्यावर ‘काय करून राहिला बे’ म्हणजे निव्वळ आपुलकी. ती सगळी आवाजात असते. तेच पुण्याच्या स्क्रीनवर उमटलं की उद्धटपणा. उलट पुण्याहून आलेलं ‘कृपया लक्ष घालावे’ इथल्या माणसाला टोमणा वाटतं. हसरे चेहरे टाकून हे मिटत नाही. काम स्पष्ट असेल तर मात्र शब्दांचा खडबडीतपणा चालून जातो.

सव्वासहाचा तोच निरोप असा लिहिता आला असता: ‘पेमेंटचा इश्यू. आज फक्त कारण शोध, दुरुस्ती चढवू नकोस. रात्री नऊपर्यंत, आपल्या वेळेने, दोन ओळी टाक; साडेनऊला मला क्लायंटला सांगायचंय. अडलीस तर फोन कर.’ यात एकही प्लीज नाही, तरी कुणाचा अपमान होत नाही. शिवाय हे लिहिताना लीडच्याच लक्षात आलं असतं की दुरुस्तीचा शब्द त्याने घाईने दिला आहे. तिनेही अंगठ्याऐवजी ‘कारण शोधते, नऊला कळवते’ एवढं लिहायला हवं होतं. दोघांच्या समजुतीत फरक असता तर तो साडेसहालाच उघड झाला असता, जेव्हा तो मिटवायला एक फोन पुरला असता.

सगळी भांडणं याने मिटतील असं मी म्हणत नाही. काही लिहिणारे खरंच उर्मट असतात. ओळखायची खूण सोपी आहे: काम, वेळ, जबाबदारी सगळं स्पष्ट असूनही वाक्य माणसाला खाली दाखवत असेल, आणि तेही चार लोकांदेखत, तर तिथे तक्रार टोनचीच करा आणि ठाम करा. पण कामच स्पष्ट नसेल, तर आधी ते विचारा. दोनदा लिहूनही उलगडा झाला नाही तर लिहिणं थांबवून फोन लावा, आणि फोनवर जे ठरलं ते एका ओळीत ग्रुपवर टाका, म्हणजे पुढच्या आठवड्यात ‘तू असं म्हणालास’ सुरू होत नाही.

यातल्या जबाबदारीचा मोठा वाटा लीडचा आहे. धाकट्याने ‘म्हणजे नक्की काय करू, सर?’ असं विचारलं तर मठ्ठ ठरण्याची भीती त्याला असते. लीडला अशी भीती नसते. शिवाय संध्याकाळी सहानंतर काम टाकणाराही तोच. तेव्हा लीड मंडळींनो, या शुक्रवारी ‘ईओडी’ लिहिण्याआधी थांबा, आणि त्या जागी घड्याळातले आकडे लिहा, कुठल्या शहराचे तेही लिहा.