चार ठोक्यांची इंग्रजी ओळ: विधी व पथ्ये

इंग्रजी पद्य रचू इच्छिणाऱ्याने प्रथम मात्रा मोजणारी बोटे खिशात घालावीत. या प्रकारात अक्षरे मोजायची नसतात, आघात मोजायचे असतात. ओळीत ठोके चार. मधली अक्षरे येतील तितकी, अर्थात बेताने. कोलरिजने १८१६ साली ‘क्रिस्टाबेल’च्या प्रस्तावनेत हेच सांगितले: ओळीत अक्षरे सात असोत वा बारा, आघात चारच.

साहित्य घरचेच चालते. वाण्याची यादी घ्यावी: ‘मिल्क, ब्रेड, सॉल्ट, टी’. अक्षरे चार, ठोके चार. आता ‘द मिल्क अँड द ब्रेड अँड द सॉल्ट अँड द टी’ असे म्हणून टाळी वाजवावी. अक्षरे अकरा झाली, टाळ्या मात्र चारच पडतात. ‘द’ आणि ‘अँड’ दोन टाळ्यांच्या मधून निमूट निघून जातात. ओळीचा शेवट ‘टी’वर आहे हेही उत्तम, कारण तो स्वर गाताना हवा तितका लांबवता येतो. ‘मिल्क’ लांबवू गेल्यास दूध नासते.

खरी अडचण आघाताच्या बळजबरीची. मराठी कवीला वृत्तासाठी ऱ्हस्वाचे दीर्घ करण्याची सवलत असते; इंग्रजी शब्दाचा आघात मात्र जन्मखुणेसारखा असतो, तो हलवता येत नाही. ‘टेबल, केटल, गिटार, चेअर’ ही ओळ पाहावी. पहिले दोन शब्द आरंभी ठोका घेतात, त्या ओघात तिसराही ‘गि’वर आपटतो. इंग्रज माणूस ‘टार’वर जोर देतो, त्यामुळे त्याला वाद्य ऐकू येत नाही, व्याधी ऐकू येते. उपाय जोर बदलण्याचा नसून जागा बदलण्याचा आहे: ‘टेबल अँड केटल, गिटार अँड चेअर’. आता ‘गि’ आपोआप ठोक्यांच्या मधल्या फटीत जातो आणि ‘टार’ ठोक्यावर बसतो. दोन ‘अँड’ खर्ची पडले, पण ते फुकट मिळतात.

या ओळीत केटलच्या जागी रेफ्रिजरेटर ठेवू नये. त्या शब्दाला ‘फ्रि’वर मुख्य आणि दुसऱ्या ‘रे’वर दुय्यम असे दोन आघात असतात, तो दोन खुर्च्या अडवतो आणि ओळ पाच ठोक्यांची होते. ‘फ्रिज’ म्हणावे, काम भागते. दोन ठोक्यांमध्ये एक-दोन अक्षरे सुखाने राहतात, तीन दाटीवाटीने. चौथे आले की त्यांतलेच एखादे स्वतःसाठी ठोका मागू लागते.

परीक्षा सोपी आहे. ओळ कवीने स्वतः म्हणू नये, कारण कवीला स्वतःची प्रत्येक ओळ तालातच ऐकू येते. ती एखाद्या बेसावध माणसाला बातमीसारखी वाचायला द्यावी आणि लपून टाळ्या मोजाव्यात. तो जिथे अडखळेल तिथे दोष ओळीचा समजावा, माणसाचा नव्हे.

बॅलडमध्ये एकाआड एक ओळ तीनच ठोक्यांची दिसते. चौथा ठोका तिथे असतो, पण मुका. ती जागा रिकामी पाहून कवीला शब्द भरण्याची हुक्की येते. भरू नयेत; गाणाऱ्याला तिथे श्वास घ्यायचा असतो.