भुऱ्याचं बाशिंग

लाखांदुरात जनावराला नटवणं काही नवं नाही. पोळ्याच्या दिवशी इथला बैल धन्यापेक्षा देखणा दिसतो. पाठीवर झूल, शिंगांना बेगड, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगरं. आणि शेजारी धनी मात्र कालच्याच बनियनवर. तरीही मी कुत्र्यासाठी स्वेटर करून घेतोय ही बातमी चौकात पोचली, तेव्हा हसण्यात सगळ्यांत पुढे हे बाशिंगवालेच होते. "कुत्र्याले सेटर? आमच्या बुढ्याले अजून भेटला नाय गा!"

भुऱ्या गावठी आहे आणि आता म्हातारा झालाय. धान निघाल्यावर तणशीच्या ढिगात खड्डा करून, नाक शेपटीखाली खुपसून तो झोपतो, आणि एवढ्यावर गावठी कुत्र्याचं भागतं. पण वय झालं की अंगावरचं मांस उतरतं, सांधे धरतात आणि पौषातल्या पहाटे तो उभा राहून नुसता थरथरतो. त्याचे केस आखूड आणि एकेरी. गल्लीच्या टोकाला एक पामेरियन राहतो. त्याला वरचे लांब केस आणि खाली मऊ लव अशी दुहेरी गादी आहे, आणि त्या लवेत अडकलेली हवाच त्याला ऊब देते. वरून घट्ट स्वेटर चढवला की लव दबते आणि ती हवाच निघून जाते. आमच्या गल्लीत स्वेटर कोणाला आहे? अर्थात पामेरियनला. लाल रंगाचा, टोपीसकट.

मी माप घेतलं. कुत्र्याची मापं तीनच. गळ्याचा घेर, पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर, आणि मानेच्या बुडापासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठ. भुऱ्याचं आलं 14, 23 आणि 20 इंच. विणलेलं कापड ताणलं जातं, म्हणून छाती मापाबरहुकूम 23 धरली तरी चालते. न ताणणारं सुती कापड असेल तर दोन इंच सैल हवं. कपडा चढवल्यावर गळ्याशी आणि काखेत दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. पाठीची लांबी शेपटीच्या दोन इंच अलीकडे थांबवायची. पोटाची बाजू मात्र त्याहून बरीच आखूड, कारण भुऱ्या नर आहे आणि रस्त्यातल्या प्रत्येक खांबाशी त्याचा जुना व्यवहार आहे.

घरातल्या एका जुन्या स्वेटरचं कापड आणि ही मापं मी बाजारातल्या एका टेलर मास्तरांना दिली. मास्तर अनुभवी माणूस, पण त्यांचा सगळा अनुभव दोन पायांच्या गिऱ्हाइकांचा. त्यांनी बाह्या दोन्ही कुशींना लावल्या. माणसाचे हात खांद्याच्या बाहेर असतात, कुत्र्याचे पुढचे पाय छातीच्या खाली, एकमेकांजवळ. स्वेटर चढला तसा भुऱ्या उंबऱ्यावर भाषणाला उभ्या राहिलेल्या पुढाऱ्यासारखा ताठ झाला. पाऊल पुढे टाकेना. लोक म्हणाले, किती शहाण्यासारखा उभा आहे! तो शहाणपणा नव्हता. कान मागे, शेपटी पायांत, डोळ्याच्या कोपऱ्यातला पांढरा भाग दिसतोय आणि समोर खायला काही नसताना जीभ ओठांवरून फिरतेय, ही कुत्र्याची लेखी तक्रार असते. फोटोत नेमकी तीच गोड दिसते.

मास्तरांनी भोकं खाली, छातीच्या मध्याकडे आणली आणि बाह्या काढूनच टाकल्या. मग भुऱ्या चालला.

स्वेटरखालच्या केसांचं काम मात्र रोजचं. आधी कंगवा फिरवायचा, नाहीतर सुटलेले केस आत घासून काखेत आणि कानामागे जटा होतात. केस डोक्याकडून शेपटीकडे वळलेले असतात, म्हणून कपडाही डोक्यावरून मागे, त्याच दिशेनं ओढायचा. ऊन पडलं की काढायचा. दवानं भिजलेला स्वेटर नसल्यापेक्षा वाईट, कारण तो अंगाला चिकटून ऊब ओढून नेतो. आणि काढला की काख बघायची: कातडी लाल झाली असेल तर शिवण टोचतेय. शिवाय इथे गोचीड आहे. तिला अंधार आणि ऊब दोन्ही आवडतं, आणि आपण तिला लोकरीची खोली बांधून दिलेली असते.

उरलेल्या बाहीत मांजर घालून बघू, असा घरातून ठराव आला. मांजर घातलं. ते आडवं झालं आणि कणा काढून घेतल्यासारखं पडून राहिलं. बाही काढताच उठून, झालेल्या अपमानासह सगळं अंग चाटत बसलं. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात. सुटलेला धागा तोंडात गेला की त्याला तो थुंकता येत नाही, गिळावाच लागतो, आणि आतड्यात अडकला तर प्रकरण ऑपरेशनवर जातं. ठराव मागे घेतला.

पुढे भादवा आला आणि भाचा उगवला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा; पोरं लाकडी नंदी ओढत घरोघर बोजारा मागत फिरतात, वेशभूषेची स्पर्धाही असते. भाच्याचं म्हणणं, लाकडाचा नंदी सगळेच आणतात. "मामा, भुऱ्याले नंदी बनवू. खराखुरा चालते!"

त्यानं शिंगांसाठी पुठ्ठा, अंगासाठी चमकी आणि कपाळासाठी बाशिंग जमवलं होतं. चमकी आणि रंग मी लगेच बाद केले, कारण कुत्र्याच्या अंगावर जे लागतं ते संध्याकाळपर्यंत त्याच्या पोटात जातं. बाशिंगावर मात्र अर्धा तास वाद झाला. बैलाचं बाशिंग शिंगांच्या आधारावर बसतं. कुत्र्याला शिंगं नाहीत, म्हणजे दोरी जबड्याखालून घ्यावी लागणार, आणि मग तोंड उघडणार नाही. कुत्र्याला घाम येतो तो जेमतेम पंजांना. अंगातली बरीचशी उष्णता तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवतो. भादव्यातल्या उकाड्यात त्याचं तोंड बांधणं म्हणजे चुलीचं धुराडं बुजवणं.

मग बैलाकडेच बघितलं. झूल पाठ झाकते आणि चेहरा, पाय, शेपटी मोकळी सोडते. शेकडो वर्षांत तिच्यात कुणाला काही सुधारावंसं वाटलेलं नाही. पातळ सुती कापडाची झूल केली, पोटाखालून एक रुंद पट्टी, आणि बाशिंग पाठीवरच टाचून दिलं. वर अट घातली: सावलीतून न्यायचं, पाणी बरोबर, आणि तो बसला की खेळ संपला.

मैदानात परीक्षकांची पंचाईत झाली. याला नंदीत धरायचं की वेशभूषेत? नंदी म्हणावा तर लाकडाचा नाही. वेशभूषा म्हणावी तर नाव कुणाचं लिहायचं, पोराचं की कुत्र्याचं? एक काकू म्हणाल्या, "बाशिंग पाठीवर हाय, म्हंजे नवरदेव पाठमोरा उभा हाय का?" बक्षीस शेजारच्या सागवानी नंदीला गेलं.

बोजारा मात्र बरा जमला. प्रत्येक दारी भाच्याला नाणं आणि भुऱ्याला वडा. शेवटच्या घरी भाच्यानं पैसे मोजले, भुऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मामा, याच्या वड्याचा हिस्सा मले भेटन का?"