एका रुपयाचा कप्तान

तात्यापाऱ्यातल्या आमच्या शेजारच्या काकांना फसवणं अशक्य आहे, असं काका स्वतःच सांगतात. गोलबाजारातून मुनग्याच्या शेंगा मोजून आणतात आणि घरी आल्यावर पुन्हा मोजतात. २०२५ च्या मे महिन्यात त्यांनी जुना कूलर विकायला काढला आणि मोबाईलवर जाहिरात टाकली. चहा निवायच्या आत गिऱ्हाईक हजर. 'अंकल, कॅप्टन हूँ, माना कॅम्प में पोस्टिंग है. चार हजार मंजूर.'

घासाघीस न करणारं गिऱ्हाईक भेटलं की एरवी काकांना संशयाने ताप भरतो. पण याने गणवेशातला फोटो पाठवला आणि काकांनी बसल्या बसल्याच सॅल्यूट ठोकला. पाठोपाठ 'खाता चेक करने के लिए' म्हणून कप्तानाने एक रुपया पाठवला. तो खरोखर जमा झाला. काकांनी मला हाक मारली ती रुपया दाखवायला.

मी पोचलो तेव्हा ॲपमधल्या गप्पांच्या खिडकीत २००० रुपयांचं एक कार्ड येऊन पडलं होतं. त्यावर मजकूर: 'Cooler ka payment receive karein'. खाली दोन बटणं: 'Pay' आणि 'Decline'. कप्तान फोनवर घाई करत होता, 'पिन डालिए अंकल, पैसा आ जाएगा. दो बार में भेज रहा हूँ.'

दोनदा का, तर ती पैसे मागण्याची विनंती होती आणि एका माणसाने दुसऱ्याकडे अशी विनंती करण्याची मर्यादा तेव्हा एका वेळी २००० रुपये होती. आणि 'receive' ही ओळ ॲपने लिहिलेली नव्हती. विनंती पाठवणाऱ्याला टीप लिहायला मोकळी जागा असते, तिथे तो वाटेल ते लिहू शकतो. ॲपने स्वतः लिहिलं होतं ते फक्त रक्कम आणि बटण. काकांनी कप्तानाचं साहित्य मन लावून वाचलं आणि ॲपचं एका शब्दाचं बटण तेवढं सोडलं.

काकांचं बोट पिनकडे निघालं, तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "अहो, मघाशी रुपया आला तेव्हा कुठे पिन मागितली होती?"

"रुपयाला कशाला मागतील? मोठ्या रकमेला मागत असतील," काका म्हणाले.

"मग मागच्या महिन्यात भाचीने पाच हजार पाठवले, तेव्हा तुम्ही तर झोपला होतात!"

काका गप्प बसले. एवढंच खरं तर पुरे आहे. यूपीआयची पिन लागते ती आपल्या खात्यातून पैसे द्यायला किंवा शिल्लक बघायला. पैसे यायला पिन लागत नाही, बटण दाबावं लागत नाही, जागं असण्याचीही अट नाही.

मी 'Decline' दाबलं. कप्तान खचला नाही. 'सर्वर डाउन है' म्हणत त्याने क्यूआर कोड पाठवला. तो मी साध्या स्कॅनरने उघडला, तर आत अशी ओळ होती:

```
upi://pay?pa=captain@example&am=4000&cu=INR&tn=Receive
```

पत्ता मी इथे बदललाय. `pa` म्हणजे पैसे ज्याला मिळणार त्याचा पत्ता, `am` रक्कम आणि `tn` ती मोकळी टीप. पत्ता कप्तानाचा, म्हणजे कमाईही कप्तानाचीच. आरंभी `pay` असा ढळढळीत शब्द. पण कोडाच्या काळ्या चौकोनांत तो दिसणार कुणाला?

शिकलेली माणसंही यात सापडतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या मुलीने जुना सोफा ऑनलाइन विकायला काढला होता. आधी छोटी रक्कम जमा झाली, मग कोड आला आणि २०,००० गेले. चूक झाली, परत करतो, असं म्हणून पुन्हा स्कॅन करायला लावलं, तेव्हा आणखी १४,००० गेले. पिन टाकून बसलात तर पहिला फोन त्या परतावा देणाऱ्याला नाही, १९३० या सायबर हेल्पलाइनला करायचा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले तर येतात.

माणसाने माणसाकडे विनंती पाठवून पैसे मागायची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे. दुकानदारांच्या विनंत्या, लिंका आणि क्यूआर कोड मात्र चालूच आहेत, त्यामुळे कप्तानांच्या नोकऱ्या शाबूत आहेत.

आमच्या कप्तानाला काकूंनी फोनवर सांगितलं, "रुपया आया ना जिस नंबर पे? बाकी भी उसी पे डालो." त्याने तत्काळ काकांना ब्लॉक केलं. रुपया मागायचं राहून गेलं.

काका आता चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात भेटेल त्याला सांगतात, की आपण एका सायबर ठगाकडून पैसे वसूल केले. त्या हकिगतीत काकू फक्त चहा घेऊन येतात.