पट्टा आवळून बसलेले परीक्षक

वाशीत रविवारी सकाळी पांढऱ्या गणवेशातली मुलं रिक्षातून उतरताना दिसली की समजावं, कराटेची बेल्ट-टेस्ट आहे. प्रस्तुत लेखक त्या दिवशी परीक्षक असतात. हे आदरार्थी बहुवचन त्यांनी स्वतःच घेतलेलं आहे. मुलं 'सेन्सेई' म्हणतात, घरात तसं कुणी म्हणत नाही. त्यांच्या काळ्या पट्ट्याची टोकं एकेकाळी गाठीखाली ऐटीत लोंबायची. आता गाठच कशीबशी बसते. पट्टा धुण्यात आटला, असं त्यांचं अधिकृत मत आहे.

पूर्वी म्हणे पट्टा धूतच नसत. घामामातीने पांढऱ्याचा काळा व्हायचा आणि तोच गुरूचा मान. ही गोष्ट पालकांना फार आवडते, त्यामुळे ती खोटी आहे हे सांगताना परीक्षकांना विशेष आनंद होतो. काळा पट्टा आणला ज्युदोच्या जिगोरो कानोंनी, 1880च्या दशकात. हे गृहस्थ शिक्षणक्षेत्रातले, पुढे मुख्याध्यापक. त्यांची पद्धत कराटेत आणणारे गिचिन फुनाकोशी हे ओकिनावातले शाळामास्तर. त्यांनी 1924 साली आपल्या शिष्यांना पहिले 'दान' दिले. आणि मधल्या रंगांची चढण? ती युरोपातल्या ज्युदोतली, पॅरिसला शिकवणाऱ्या मिकिनोसुके कावाइशींमुळे 1930च्या दशकात रूढ झालेली. म्हणजे हा सगळा मास्तरांचाच उद्योग! मुलगा शिक्षक व्हावा, असं परीक्षकांच्या वडिलांना वाटायचं. रविवारपुरती त्यांची इच्छा पुरी होते.

तर समोर गुणपत्रिका. चार रकाने : फॉर्म, टेक्निक, शिस्त, सेफ्टी.

फॉर्म पाहायला शोतोकानमधली 'हेइआन शोदान' ही काता पुरेशी असते. एकवीस हालचाली, जमिनीवर साधारण इंग्रजी 'आय'चा आराखडा, आणि शेवट जिथून निघालो तिथेच. परीक्षक सुरुवातीच्या जागी खडूची खूण करतात. मूल शेवटी वीतभर इकडेतिकडे थांबलं तर चालतं. दोन लाद्या पुढे थांबलं, तर पावलं सारखी पडली नाहीत हे त्याने न सांगताच सांगितलेलं असतं. खरी गंमत नवव्या हालचालीनंतर. जोरात 'किआय' ओरडून झाली की उजव्या पायावर तीन-चतुर्थांश गिरकी घ्यायची असते. ओरडण्याच्या आनंदात काहीजण जवळच्या वाटेने उलटे वळतात. जे बरोबर वळतात त्यांचीही कधीकधी दोन्ही पावलं एका रेषेत येतात आणि मूल डुलतं. पावलांमध्ये कमरेइतकं अंतर राहिलं तर डुलत नाही. म्हणून परीक्षक चेहऱ्याकडे न बघता पायांकडे बघतात. चेहरे सगळ्यांचेच शूर असतात.

शिस्त पट्ट्यावरूनही कळते. गाठ सुटली तर परवानगी घेऊन, बाजूला वळून बांधायची. इथे मात्र आई रांगेत धावत येते.

शेवटचा रकाना पालकांना दिसतच नाही. जोडीच्या सरावात हल्ला करणारा आधी 'जोदान' असं सांगतो, म्हणजे ठोसा चेहऱ्याच्या उंचीवर येणार. पाच पावलं, पाच ठोसे. समोरचा मागे सरकत अडवतो आणि पाचव्याला उलट ठोसा मारतो. तो ठोसा अंगाला लागण्याआधी थांबला पाहिजे. एका रविवारी एका चपळ मुलाची काता सुरेख झाली आणि जोडीच्या सरावात त्याचा उलट ठोसा समोरच्याच्या नाकावर बसला. पालकांच्या खुर्च्यांमधून टाळ्या आल्या. नाक धरून बसलेल्याकडे आधी कुणी बघितलंच नाही, आणि मारणाराही टाळ्यांकडेच बघत होता.

परीक्षकांना राग आला तो तिथे. फी भरली की पट्टा मिळालाच पाहिजे, असा हिशेब सर्रास चालतो आणि काही क्लास तो चालूही देतात. पण नाकाचं काय?

त्याच रांगेत एक मुलगी होती. गिरकीत डुलली, शेवटी खडूपासून लादीभर लांब थांबली. तिचा उलट ठोसा मात्र जोडीदाराच्या छातीपासून दोन बोटांवर थांबला, आणि मनगट सरळच होतं. म्हणजे ताकद नव्हती म्हणून नव्हे, आवरता आली म्हणून थांबला. जोडीदार अडखळला तेव्हा पुढचं पाऊल न टाकता तिने वाट पाहिली. परीक्षकांच्या घशात काहीतरी अडकलं. पट्टा जरा जास्तच आवळला होता, हे एक कारण.

मुलीला नारिंगी पट्टा मिळाला. चपळ मुलाला फेरपरीक्षा, फक्त जोडीच्या सरावाची. त्याचे वडील नंतर भेटले आणि म्हणाले, "सर, मुलगा अॅग्रेसिव्ह आहे, हे चांगलंच ना?" परीक्षकांनी त्यांना गुणपत्रिकेचा चौथा रकाना दाखवला आणि मुलाची बोटंही. नखं वाढलेली होती, हातात कडंही होतं.

पालकहो, पुढच्या परीक्षेला मुलांची नखं कापून, कडी-अंगठ्या घरी ठेवून पाठवा. यासाठीही गुण आहेत.