ओली का वाळलेली? टीकाकारास उत्तर देण्याची शास्त्रोक्त पद्धत

पुसेगाव हे हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातलं गाव, म्हणजे हळदीच्या पट्ट्यातलं. समजा, इथल्या एका शेतकरी गटाने इन्स्टाग्रामवर दहा चित्रांची कॅरोसेल टाकली. पहिल्या चित्रात हळदीचा पिवळाधमक ढीग, दुसऱ्यात उगवता सूर्य आणि त्याच्याकडे पाहणारा बळीराजा. चौथ्यात लठ्ठ अक्षरांत ‘एकरी १५० क्विंटल!’. खाली ‘अभिनंदन दादा’, ‘लई भारी’, ‘भाव काय?’ आणि हात जोडलेल्या इमोजींची रांग. मग रात्री साडेदहाला कोणीतरी एकच ओळ लिहितं: ‘भाऊ, ओली का वाळलेली?’

प्रस्तुत मार्गदर्शन या ओळीनंतरच्या पहिल्या तासासाठी आहे. गटाच्या सर्व सदस्यांनी ते जेवणानंतर वाचावं, उपाशीपोटी वाचू नये.

सर्वप्रथम टीकेची जात ओळखावी. ‘ओली का वाळलेली’ हा खवचटपणा नव्हे, हळदीच्या हिशेबातला तो पहिला प्रश्न आहे. जमिनीतून निघालेली हळद शिजवावी लागते, मग उन्हात साधारण पंधरा दिवस वाळवावी लागते, मग ड्रममध्ये घालून पॉलिश करावी लागते. एवढं सोसून शंभर किलो ओल्या हळदीची वीस किलोंच्या आसपास वाळलेली उरते. वाणाप्रमाणे आणि शिजवण्याप्रमाणे एखाददुसरा किलो इकडेतिकडे. म्हणजे चौथ्या चित्रातले दीडशे क्विंटल बाजारात पोचेपर्यंत तीसच्या घरात येतात. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात बोली लागते ती या तिसांवर, दीडशेवर नाही. चित्र पाहून कोणी नवखा बेणं विकत घेणार असेल, तर त्याचं अख्खं अंदाजपत्रक या एका गाळलेल्या शब्दावर उभं राहील.

आता काय करू नये. ‘आधी स्वतः नांगर धरा, मग बोला’ हे उत्तर देऊ नये. विचारणाऱ्याच्या घरी दहा एकर हळद असण्याची शक्यता या जिल्ह्यात फार मोठी आहे. ‘ज्यांना कळतं त्यांना कळतं’ हेही नको. ते गूढ वाटतं, पण त्यात किलो नसतात. गटातल्या चार जणांनी चार वेगवेगळ्या खात्यांवरून धावून जाऊ नये, विशेषतः चौघांचे आकडे वेगवेगळे असताना.

आणि कमेंट डिलीट करू नये. इथे तांत्रिक बाजू नीट ध्यानात घ्यावी. मूळ कमेंट पुसली की तिच्याखाली कोणी दिलेलं चांगलं उत्तरही तिच्यासोबत जातं. प्रश्न मात्र जात नाही. त्याचा स्क्रीनशॉट तोवर गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचलेला असतो, आणि तिथे प्रश्न ‘ओली का वाळलेली’ असा राहत नाही, तो ‘पुसली का?’ असा होतो. त्याचं उत्तर वीस टक्क्यांच्या हिशेबात बसत नाही.

योग्य कृती अशी. फोन पालथा ठेवावा. काटापट्टी शोधावी. ती न सापडल्यास राग तसाच ठेवून आणखी शोधावी, कारण काटापट्टी सापडेपर्यंत राग बहुधा आपोआप उतरतो. मग गटाच्या वतीने एकानेच लिहावं: ‘बरोबर विचारलंत काका. १५० क्विंटल ही ओली हळद आहे. वाळून अंदाजे ३० क्विंटल होते. चित्रात ते लिहायचं राहिलं, खाली मजकुरात दुरुस्ती केली आहे.’ एवढंच. चूक मान्य, आकडा दिला, पुढे काय केलं ते सांगितलं. ‘तरीसुद्धा’ हा शब्द आला की तिथेच थांबावं. त्याच्यापुढे वाद असतो.

दुरुस्ती मजकुरातच का, हा कॅरोसेलचा खास प्रश्न. पोस्टखालचा मजकूर नंतर बदलता येतो. एखादं चित्र काढूनही टाकता येतं, पण त्याच जागी सुधारलेलं चित्र बसवायची सोय नाही. चौथं चित्र गुपचूप काढलं, तर काकांची कमेंट कुठल्याच चित्राला चिकटत नाही आणि काका वेडे ठरतात. म्हणून काढायचं असेल तर ‘चौथं चित्र चुकीचं होतं, काढलं आहे’ असं मजकुरात लिहूनच काढावं. शिवाय ज्याने पहिल्या वेळी चित्रं सरकवली नाहीत, त्याला तीच पोस्ट कधी कधी पुन्हा दुसऱ्या चित्रापासून दिसते. त्यामुळे ‘आम्ही पहिल्याच चित्रात लिहिलं होतं’ हा बचाव टिकत नाही. आकड्याचा खुलासा आकड्याच्याच चित्रात हवा.

दुसरी टीका जरा टोचणारी असते: ‘रंग घालता का?’ इथे बहुतेक गट पाण्याच्या ग्लासाचा व्हिडिओ टाकतात. ग्लासात चमचाभर हळद सोडायची. शुद्ध असेल तर ती तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं, रंग मिसळला असेल तर पाणी गडद होतं. घरगुती चाचणी म्हणून ती ठीक आहे, पण तिच्या जोरावर टीकाकाराला गप्प करायला जाऊ नये. मेटॅनिल येलोसारखा पाण्यात विरघळणारा रंग ती दाखवते. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून जे शिशाचं संयुग, लेड क्रोमेट, मिसळलं जातं ते पाण्यात विरघळत नाही. हळदीसारखंच तेही तळाशी जाऊन निमूट बसतं. म्हणजे ग्लास पास, हळद नापास. त्यावर उत्तर एकच: मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल, आणि तोही त्याच लॉटचा. तो नसेल तर ‘या लॉटची तपासणी अजून केलेली नाही’ हे वाक्य लिहायला हात थरथरतो, पण लिहावं. त्यानंतर तपासणी करावीच लागते, हा या वाक्याचा एकमेव दुष्परिणाम.

तिसरा टीकाकार कायदा शिकलेला असतो. तो सातव्या चित्राकडे बोट दाखवून विचारतो, ‘वसमत हळदीचा जीआय शिक्का तुम्ही कसा लावला?’ वसमत हळदीला भौगोलिक मानांकन २०२४ मध्ये मिळालं. पण हळद त्या पट्ट्यात पिकली म्हणून शिक्का आपोआप मिळत नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. नोंदणी असेल तर क्रमांक द्यावा. नसेल तर ‘आमचा जिल्हा, आमची हळद, आमचा अभिमान’ वगैरे लिहिण्यापूर्वी ते चित्र काढावं. अभिमानाला नोंदणी क्रमांक नसतो.

पुसावं ते काय, हेही सांगितलं पाहिजे. आईबहिणीवरून शिवी, जातीवरून टोमणा, कोणाचा तरी फोन नंबर, शंभर खात्यांवर चिकटवलेली तीच जाहिरात: हे खुशाल काढावं आणि त्याबद्दल कोणाला खुलासा देऊ नये. कठीण प्रकार मिश्र असतो: ‘चोर आहात, मागच्या पाकिटात गट्टूची पावडर होती.’ यातला चोर सोडून द्यावा आणि गट्टू उचलावा. कांडीच्या भावात गट्टू दळून विकणं ही खरी तक्रार आहे. पाकिटावरचा लॉट नंबर मागावा, तपासावा, आणि निघालं तेच तिथेच लिहावं.

त्याच माणसाने पुन्हा तेच विचारलं तर आधीच्या उत्तराकडे एकदा बोट दाखवावं. तिसऱ्यांदा विचारलं तर गप्प राहावं; वाचणाऱ्यांना वरचं उत्तर दिसतंच. आणि पुढच्या हंगामात चित्र बनवणाऱ्या पोराला एवढंच सांगावं: दीडशेचा आकडा जेवढा मोठा, तेवढ्याच मोठ्या अक्षरात त्याच्या शेजारी ‘ओली’ लिही.