सातारा ते सांगली, विनाथांबा

आमच्या सातारा-सांगली पट्ट्यात ओळख करून द्यायची रीत पक्की आहे. गाव कुठलं, कुणाच्यातले, मामाचं गाव कोणतं, बहीण कुठं दिली. एवढं झालं की दोघांचा एखादा समाईक साडू सापडतो आणि चहा येतो. सोयरिकीला ही पद्धत नामी आहे. पंचाईत होते ती मुलाखतीत. चाळिशीला टेकलेला, पंधरा वर्षं कारखान्यात घासलेला माणूस समोर बसतो, साहेब म्हणतात, ‘तुमच्याविषयी सांगा’, आणि उत्तराची एसटी साताऱ्याच्या स्टँडवरून सुटते. जन्म, वडिलांची नोकरी, दहावीचे मार्क, डिप्लोमा, पहिली कंपनी, तिथला पगार. अतीत, उंब्रज, कराड, पेठ नाका, आष्टा. एकही थांबा चुकत नाही. सांगली, म्हणजे माणूस आज काय करतो ते, येईपर्यंत साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलेलं असतं.

माझं म्हणणं एवढंच, की अनुभवी माणसाने हे उत्तर आजपासून सुरू करावं. नव्या पोराला शिक्षण सांगण्यावाचून गत्यंतर नसतं, कारण त्याच्याजवळ दुसरं काहीच नाही. पंधरा वर्षांनंतर तीच सुरुवात केली की ऐकणाऱ्याला वाटतं, मधल्या काळात सांगण्यासारखं काही घडलं नसावं. शिवाय जन्मतारखेपासून सगळं अर्जात लिहिलेलंच असतं. साहेबांना अर्जात न दिसणारी गोष्ट हवी असते: या माणसाच्या हातून काय होतं, आणि ते आपल्या कामाचं आहे का?

समजा, कुपवाडच्या फाउंड्रीतला एक इंजिनीअर साताऱ्यात क्वालिटी मॅनेजरच्या जागेसाठी आला आहे. त्याने असं बोलावं: ‘मी सध्या फाउंड्रीत क्वालिटी बघतो. पंपाच्या कास्टिंगची तपासणी, गिऱ्हाइकांच्या तक्रारी आणि सहा माणसं माझ्याकडे आहेत. सुरुवात मोल्डिंगवर केली, त्यामुळे दोष वाळूतला की धातूतला हे खाली जाऊन शोधता येतं. दोन वर्षांपूर्वी पंपाच्या केसिंगमध्ये ब्लोहोलपायी शंभरात नऊ नग बाद होत होते. मी पाळीनुसार नोंदी काढल्या. बहुतेक बाद नग पहिल्या पाळीचे निघाले आणि त्या वेळी वाळूत ओलावा जास्त सापडला. दर तासाला ओलावा तपासायला लावला; चार महिन्यांत बाद नग शंभरात तीनवर आले. आता कास्टिंगबरोबर मशिनिंगचीही जबाबदारी घ्यायची आहे. तुमच्याकडे दोन्ही एकाच आवारात आहे, म्हणून आलो.’ सावकाश बोललं तरी हे मिनिटभरात संपतं. आज काय करतो, ते कशाच्या जोरावर, आणि इथेच का, या क्रमाने तो बोलला. बारा-तेरा वर्षं त्याने एका वाक्यात गुंडाळली आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

उत्तर लागू पडलं की नाही, हे पुढच्या प्रश्नावरून कळतं. ‘बरं, पण सध्या काय करता?’ असं विचारलं तर गाडी पेठ नाक्यावरच बंद पडली म्हणायची. ‘पहिल्याच पाळीत ओलावा का वाढायचा?’ असं विचारलं तर साहेब तुमच्या कामात शिरले. अर्थात त्याचं उत्तर यायला हवं: रात्रभर पडलेली वाळू वरून सुकी दिसायची आणि सकाळचा माणूस अंदाजाने पाणी ओतायचा. ज्याने खरोखर काम केलं त्यालाच हा पाणी ओतणारा माणूस माहीत असतो.

‘मी केलं, मी केलं’ म्हणणं आपल्याकडे शोभत नाही, असा आक्षेप येईल. म्हणून सगळे ‘आम्ही’ म्हणतात, आणि नेमणूक मात्र एकाचीच करायची असते. टीमचं श्रेय टीमला जरूर द्या. नोंदी कुणी काढल्या हे सांगताना ‘मी’ म्हणायला लाजू नका. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. इथले कारखानदार गाव विचारतातच. विचारू देत की! विचारल्यावर एका वाक्यात सांगावं. न विचारता वंशावळ काढली, तर पुढ्यातल्या माणसाचं तुमच्या भावकीशी वाकडं आहे की काय, हे तुम्हाला कुठं ठाऊक असतं? तिसरी शंका पाठांतराची. वाक्यं पाठ केली तर मधेच कुणी टोकलं की माणूस पुन्हा पहिल्या वाक्यावर जातो. शाळेतल्या भाषणात हे गोड दिसतं, चाळिशीत नाही. चार मुद्दे आणि दोन आकडे पक्के ठेवावेत, शब्द त्या वेळी सुचतात.

मधे वर्षभर घरी बसला असाल, तर कारण एका वाक्यात सांगून पुढे जा. तिथे रेंगाळलात की साहेबही रेंगाळतात. आज रात्री उत्तर मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करा. दीड मिनिटाच्या वर गेलं, तर आधी दहावीचे मार्क काढा.